लॅग-१ म्हणतो उलटा फिरतो, हर्स्ट म्हणतो ट्रेंड, मग ऐकायचं कुणाचं

प्रश्न: एका शेअरचा पाच वर्षांचा डेली डेटा घेतला, साधारण १२५० दिवस. रोजच्या रिटर्नचं लॅग-१ ऑटोकोरिलेशन -०.०७ आलं आणि आर-एस पद्धतीने हर्स्ट ०.५७ आला, म्हणजे रँडमच्या ०.५ पेक्षा जास्त. एक म्हणतंय मीन रिव्हर्जन, दुसरं म्हणतंय ट्रेंड. स्ट्रॅटेजी कुठली निवडू?

उत्तर:

आधी तो ०.५७ बाजूला ठेवा, कारण तो ट्रेंडचा पुरावा नाहीये. आर-एस पद्धत लहान खिडक्यांवर वरच्या बाजूला झुकते. ज्यात आठवण नावाची गोष्टच नाही असे पूर्ण रँडम रिटर्न तुम्ही त्याच फंक्शनमध्ये घातलेत, आणि खिडक्या दहा दिवसांपासून काही शे दिवसांपर्यंत घेतल्यात, तरी उत्तर ०.५ येत नाही, ०.५५ ते ०.६ च्या आसपास येतं. कारण सरळ आहे, रेंज भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन हा आकडा मोठ्या खिडकीत वर्गमुळाच्या वेगाने वाढतो पण छोट्या खिडकीत तो त्या नियमापेक्षा कमी भरतो, त्यामुळे लॉग-लॉग आलेखाचं डावं टोक खाली दबतं आणि रेघ उगाच जास्त चढती दिसते. हर्स्टने १९५१ मध्ये हे मांडलं ते नाईलच्या पाण्यासाठी किती साठा लागेल या हिशोबातून, आणि नदीच्या नोंदी शतकांच्या होत्या. आपल्याकडे पाच वर्षं आहेत.

स्वतः बघायचं असेल तर तुमचेच १२५० रिटर्न पत्त्यांसारखे पिसा, त्यावर तेच फंक्शन चालवा, असं ५०० वेळा करा. पिसल्यावर क्रम मोडला, म्हणजे ट्रेंड असला तरी गेला. आता ते ५०० हर्स्ट कुठे पसरलेत ते बघा. माझा अंदाज आहे की ०.५७ त्यांच्या मधोमध कुठेतरी बसेल. ०.५ शी तुलना करायचीच नाही, पिसलेल्या डेटाशी करायची.

अजून एक चेक करून घ्या, कारण ही चूक मी फार वेळा बघितलीय. आर-एस ला रिटर्न द्यायचे असतात, भाव दिले तर जवळपास १ येतो आणि माणूस खूश होतो की काय जबरदस्त ट्रेंड सापडला. याउलट जी छोटी फंक्शनं वेगवेगळ्या लॅगच्या फरकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढून त्यावर रेघ बसवतात त्यांना लॉग भाव द्यायचा असतो, तिथे रिटर्न दिले की ० च्या जवळ येतं आणि सगळे शेअर रिव्हर्ट होतात असं वाटायला लागतं. हर्स्ट ०.९ च्या वर किंवा ०.१ च्या खाली दिसला की शेअरवर नंतर, आधी इनपुटवर शंका घ्या.

आता मुख्य मुद्दा. ऑटोकोरिलेशन आणि हर्स्ट हे दोन वेगळे साक्षीदार नाहीतच, एकच गोष्ट वेगवेगळ्या अंतरावरून मोजतात. रिटर्न एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर पाच दिवसांच्या रिटर्नचा व्हेरियन्स एका दिवसाच्या पाचपट असला पाहिजे. त्यापेक्षा कमी भरला तर मधे कुठेतरी चाल परत फिरतेय, जास्त भरला तर पुढे ओढली जातेय. या गुणोत्तराला व्हेरियन्स रेशो म्हणतात आणि तो थेट ऑटोकोरिलेशनपासून बनतो, q म्हणजे किती दिवसांचा रिटर्न आणि rho_k म्हणजे लॅग-k चं ऑटोकोरिलेशन:

`VR(q) = 1 + 2 * sum( (1 - k/q) * rho_k ),  k = 1 ... q-1`

आणि हर्स्ट म्हणजे याच व्हेरियन्सचं वर्गमूळ, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, अंतराबरोबर किती वेगाने वाढतं त्याचा लॉग-लॉग आलेखावरचा उतार. म्हणून दोन आकडे भांडताना दिसले की बहुतेक वेळा एक तर मोजण्यात गडबड असते, नाहीतर शेअर जवळच्या अंतरावर एक वागतो आणि लांबच्या अंतरावर दुसरं. सगळ्या अंतरांना मिळून एकच हर्स्ट काढला की हे दुसरं दिसतच नाही, सरासरीत बुडून जातं.

माझ्याकडचं एक उदाहरण आकड्यांसकट देतो, तुमच्या शेअरशी बरंच मिळतंजुळतं आहे. १२५० दिवस, रोजचं स्टँडर्ड डेव्हिएशन २ टक्के. पहिले चार लॅग -०.०७, -०.०४, -०.०२, -०.०१. वरच्या सूत्रात घाला, `VR(5)` येतो ०.८२. म्हणजे पाच दिवसांचं स्टँडर्ड डेव्हिएशन रँडम असतं तर ४.४७ टक्के यायला हवं होतं, ते ४.०५ आलं. वीस दिवसांचं आलं ८.३ आणि साठ दिवसांचं १५.६. आता तुकड्या-तुकड्याने उतार काढा. १ ते ५ दिवस, उतार ०.४४. ५ ते २० दिवस, ०.५२. २० ते ६० दिवस, ०.५७. आणि १ पासून थेट ६० पर्यंत एकच रेघ मारली तर बरोब्बर ०.५०. एकच आकडा बघणारा म्हणाला असता की काही नाही, रँडम आहे, सोडून द्या. तुकडे बघणारा म्हणाला असता की आठवड्याच्या आत उलटा फिरतो आणि महिन्यांच्या अंतरावर ट्रेंड करतो, चला दोन स्ट्रॅटेजी लावू. मी हे दुसरं बोललो होतो आणि तेही चुकीचं होतं. का ते सांगतो.

लांबचं टोक आधी घेऊ. १२५० दिवसांत साठ दिवसांचे स्वतंत्र तुकडे किती, जेमतेम २१. एकवीस नमुन्यांवरून काढलेल्या स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये साधारण १५ टक्क्यांची चूक सहज असते, म्हणजे ते १५.६ खरं तर १३.२ ही असू शकतं आणि १८ ही. त्याने उतार ०.४२ ते ०.७० कुठेही जातो. तुकडे एकमेकांवर चढवून मोजले तर थोडी सुधारणा होते पण माहिती नवीन येत नाही, दिवस तेवढेच. म्हणजे पाच वर्षांच्या डेली डेटावर एका शेअरचा दोन-तीन महिन्यांचा ट्रेंड सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. शेअरमध्ये तीन ते बारा महिन्यांचा मोमेंटम असतो हे १९९३ चं जेगदीश आणि टिटमन यांचं काम सगळ्यांना माहीत आहे, पण ते शेकडो शेअर एकमेकांशी तुलना करून, वरचे घ्या खालचे विका असं होतं. एका शेअरच्या हर्स्टमधून ते निघत नाही.

आता जवळचं टोक, जिथे डेटा भरपूर आहे. १२५० दिवसांना लॅग-१ ची स्टँडर्ड एरर एक भागिले वर्गमूळ १२५०, म्हणजे ०.०२८. -०.०७ म्हणजे अडीच पट. पुस्तकी हिशोबाने पास. पण हा हिशोब धरून चालतो की रोजची हालचाल साधारण सारख्याच आकाराची आहे, आणि शेअरमध्ये तसं कधीच नसतं, शांत महिने असतात आणि मग एका आठवड्यात सगळा गोंधळ. त्यामुळे खरी चूक या सूत्रापेक्षा बरीच मोठी असते.

ती किती मोठी हे मला कुठल्याही सूत्रापेक्षा एका गोष्टीने जास्त समजलं, प्रत्येक जोडीचा वाटा हाताने काढून. लॅग-१ म्हणजे काय, आजचा रिटर्न गुणिले उद्याचा, सगळ्या जोड्यांची बेरीज, भागिले एकूण व्हेरियन्स. इथे खालची बेरीज १२५० गुणिले ०.०२ चा वर्ग, म्हणजे ०.५. या शेअरमध्ये एका तिमाही निकालाच्या दिवशी भाव १४ टक्के वर गेला होता आणि दुसऱ्या दिवशी ९ टक्के खाली आला होता. त्या एका जोडीचा गुणाकार -०.०१२६, भागिले ०.५, म्हणजे -०.०२५. एकूण -०.०७ मधला एक तृतीयांशाहून जास्त वाटा पाच वर्षांतल्या एका जोडीचा! ज्या शेअरला मी रोज उलटा फिरणारा म्हणत होतो त्याचा बराचसा उलटा फिरणारा स्वभाव दोन दिवसांत संपला होता.

म्हणून पहिलं काम, गुणाकाराचा कॉलम काढा, आकाराने मोठ्या वरच्या दहा जोड्या डोळ्यांनी बघा, तारखांसकट. तिथेच खराब डेटाही सापडतो. एखाद्या दिवशी भाव चुकून ३० टक्के जास्त नोंदला गेला आणि दुसऱ्या दिवशी बरोबर झाला, तर +३० आणि -२३ अशी जोडी बनते आणि अशा शेअरमध्ये ती एकटीच लॅग-१ ला -०.१ च्या पलीकडे नेते. स्प्लिट ॲडजस्ट झाला नसेल तर वेगळाच प्रकार, एकच अवाढव्य रिटर्न खालचा व्हेरियन्स फुगवतो आणि बाकी सगळे लॅग शून्याकडे दाबले जातात, खरं काही असलं तरी लपतं.

दुसरी शंका बिड-आस्क बाउन्सची. शेवटचा सौदा कधी बिडवर होतो कधी आस्कवर, त्यामुळे खरा भाव हललाच नसला तरी क्लोज वर-खाली उडी मारतो आणि प्रत्येक उडी दुसऱ्या दिवशी परत फिरल्यासारखी दिसते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड रोलने १९८४ मध्ये याचा सोपा हिशोब दिला, लागून आलेल्या रिटर्नचा कोव्हेरियन्स म्हणजे उणे स्प्रेडचा वर्ग भागिले चार. दोन टक्के रोज हलणारा शेअर आणि ०.४ टक्के स्प्रेड, तर परिणाम फक्त -०.०१, सोडून द्या. पण तोच हिशोब पाच मिनिटांच्या डेटावर करा, हालचाल ०.१५ टक्के आणि स्प्रेड ०.१ टक्के, तर -०.११ येतं आणि त्यातला एक पैसाही तुम्हाला मिळू शकत नाही कारण तुम्हाला विकत आस्कवर घ्यायचंय आणि विकायचंय बिडवर. कमी सौदे होणाऱ्या शेअरमध्ये डेली डेटावरही हे होतं. शेवटच्या सौद्याऐवजी बिड आणि आस्कचा मधला भाव मिळत असेल तर त्यावर मोजा, ऑटोकोरिलेशन गायब झालं तर ते बाउन्सच होतं.

आता टेस्ट. मी सूत्राची स्टँडर्ड एरर वापरत नाही, चिन्हं उलटवतो. प्रत्येक दिवसाचा रिटर्न घ्यायचा, आकार आणि जागा तशीच ठेवायची, फक्त अधिक-उणे नाणं उडवून ठरवायचं. पिसण्यापेक्षा हे बरं, कारण पिसल्यावर शांत आणि गोंधळाचे काळ मिसळून जातात आणि चूक पुन्हा कमी दिसते. चिन्ह उलटवलं की गोंधळाचा आठवडा जिथे होता तिथेच राहतो, ती १४ आणि ९ ची जोडीही शेजारी-शेजारीच राहते, फक्त दिशा नशिबावर. दिशेची आठवण तेवढी पुसली जाते, आणि आपल्याला तपासायची तीच आहे.

```python
import numpy as np

def vr(r, q):
    r = r - r.mean()
    s = np.convolve(r, np.ones(q), "valid")
    return s.var() / (q * r.var())

def sign_test(r, q, n=2000, seed=1):
    rng = np.random.default_rng(seed)
    r = r - r.mean()
    fake = [vr(r * rng.choice([-1, 1], len(r)), q)
            for _ in range(n)]
    return vr(r, q), np.percentile(fake, [2.5, 97.5])
```

`r` म्हणजे लॉग रिटर्नचा ॲरे. माझ्या त्या शेअरवर `VR(5)` होता ०.८२, आणि नाण्याने बनवलेल्या दोन हजार नकली मालिकांची मधली ९५ टक्के पट्टी निघाली ०.८० ते १.२०. म्हणजे ०.८२ पट्टीच्या आत, नापास. पुस्तकी सूत्र त्याच ०.८२ ला जवळजवळ तीन सिग्मा म्हणत होतं. मग मी निकालाची ती जोडी शून्य केली आणि परत चालवलं. लॅग-१ घसरून -०.०४७ झाला, `VR(5)` झाला ०.८५, पण पट्टीही आवळली, ०.८७ ते १.१४. आता ०.८५ पट्टीच्या जरा बाहेर. आकडा लहान झाला आणि पुरावा मात्र बरा झाला. (मोठ्या जोड्या काढायच्या त्या तारखेच्या कारणावरून, निकाल होता, डेटा चूक होता वगैरे. आकडा आवडला नाही म्हणून काढल्या तर टेस्टला अर्थ उरत नाही. खरं तर नियम म्हणून सगळेच निकालाचे दिवस काढावेत, नंतर मी तसंच करायला लागलो, कारण बातमीनंतरची चाल आणि बिनबातमीची चाल वेगळी वागते आणि दोन्ही एकत्र मोजण्यात काही हशील नाही.)

तर जवळच्या अंतरावर थोडं रिव्हर्जन आहे असं धरू. त्यातून मिळतं किती? शेअर एका दिवसात ४ टक्के पडला तर दुसऱ्या दिवशी अपेक्षित परतावा ०.०४७ गुणिले ४, म्हणजे ०.१९ टक्के. पुढचे चारही दिवस धरले तर साफ केलेल्या लॅगची बेरीज साधारण ०.१२, म्हणजे ०.४८ टक्के. यातून येण्याजाण्याचा स्प्रेड आणि ब्रोकरेज वजा करा, एकूण ०.२ लागत असेल तर हातात ०.२८ उरतो. रोजच्या २ टक्क्यांच्या चालीवर सौदा केला तर चार दिवसांत ०.२४ मिळणार, म्हणजे खर्चातच संपलं. त्यामुळे हे फक्त मोठ्या घसरणीवर जमतं, आणि अशी घसरण पाच वर्षांत एका शेअरमध्ये २५-३० वेळा येते. आता चार दिवसांची हालचाल असते ३.६ टक्के, २८ सौद्यांच्या सरासरीची चूक झाली ०.६८ टक्के. ज्या ०.४८ च्या मागे आपण लागलोय त्यापेक्षा मोजण्याची चूकच मोठी! म्हणजे बॅकटेस्ट छान दिसला काय आणि वाईट दिसला काय, एका शेअरवर त्यातून काहीच कळत नाही.

इथे लोक सहसा रोलिंग हर्स्टकडे वळतात, शंभर दिवसांची खिडकी सरकवत न्यायची, ०.५ च्या वर ट्रेंड आणि खाली रिव्हर्जन. कृपा करून हे करू नका. शंभर दिवसांवर लॅग-१ ची चूकच ०.१ आहे, आपण शोधतोय ०.०५. रेघ सुंदर वर-खाली जाते, रेजीम बदलतायत असं वाटतं, आणि नाण्याने बनवलेल्या मालिकेवर चालवली तरी तितकीच सुंदर जाते. शंका असेल तर दोन्ही चार्ट शेजारी ठेवून कुणालातरी ओळखायला सांगा.

यातून वाट एकच आहे, प्रश्न एका शेअरला विचारायचा नाही, एकसारख्या शेअरच्या गटाला विचारायचा. साधारण सारखी उलाढाल असलेले तीस-चाळीस शेअर घ्या, प्रत्येकाच्या रिटर्नमधून मार्केटचा भाग काढून टाका, म्हणजे इंडेक्सवर रिग्रेशन करून उरलेला भाग घ्या. हे महत्त्वाचं आहे कारण नाहीतर तीस शेअर मिळून एकच मार्केट मोजलं जातं आणि तीस पुरावे असल्याचा भास होतो. मग प्रत्येकाचा `VR(5)` काढा आणि सगळ्यांचा मिडियन बघा. टेस्टसाठी तारखेप्रमाणे चिन्ह उलटवा, एका तारखेला सगळ्या शेअरचं चिन्ह एकत्र, म्हणजे आपापसातलं नातं टिकतं. मिडियन पट्टीच्या बाहेर असेल तर डेटा मधोमध तोडा आणि दोन्ही अर्ध्यांत तीच दिशा आहे का बघा. गटातून सगळ्यात कमी `VR` असलेले पाच शेअर निवडून त्यांवरच ट्रेड करायचा मोह होईल, पण त्या पाचांचं पुढच्या अर्ध्यात काय होतं ते आधी काढा, माझ्या अनुभवात ते गटाच्या सरासरीकडे परत येतात, म्हणून मी गट पूर्ण घेतो.

तुमच्या शेअरपुरतं उत्तर असं. ट्रेंड स्ट्रॅटेजी या आकड्यांवर उभी करू नका, ०.५७ तिला आधार देत नाही, आणि लांब अंतराचा ट्रेंड पाहिजे असेल तर तो वेगळा, बऱ्याच शेअरवर करायचा अभ्यास आहे. रिव्हर्जनचा इशारा खरा असू शकतो, पण आज रात्री आधी गुणाकाराच्या वरच्या दहा जोड्या काढा, निकालाचे दिवस शून्य करा, `sign_test(r, 5)` चालवा. पट्टीच्या आत आला तर हा शेअर एकटा घेऊन कुठलीच स्ट्रॅटेजी निवडू नका. बाहेर आला तर गट गोळा करायला घ्या, आणि तुमच्या ब्रोकरचा येण्याजाण्याचा खरा खर्च किती पडतो तो आकडा हातात ठेवा, कारण ०.४८ मधून तोच आधी वजा होणार आहे.